क्रिएटिनने ताकद किती वाढते? ०.२६५, ४.४३ किलो आणि ‘महिलांमध्ये फरक नाही’ हे तिन्ही आकडे कसे वाचायचे

प्रश्न: मॅडम, मी सांगलीत जिम ट्रेनर आहे. क्रिएटिनवरचे मेटा-अ‍ॅनालिसिस वाचायला घेतले. एकात बेंच प्रेसचा इफेक्ट साइज ०.२६५ म्हणजे ‘लहान’, दुसऱ्यात ४.४३ किलो वाढ, आणि त्याच दुसऱ्यात महिलांमध्ये फरक सिद्ध झाला नाही असं. यातलं खरं कुठलं धरायचं? आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना काय सांगू?

उत्तर:

पहिले दोन आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत. ते जवळजवळ एकच गोष्ट दोन वेगळ्या मापांत सांगतात. तिसऱ्या वाक्याचा अर्थ मात्र बहुतेक लोक घेतात तसा होत नाही. आधी पहिल्या दोघांचा हिशोब जुळवून दाखवते.

०.२६५ हा आकडा लान्हेर्स आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या कामातला आहे. फ्रान्समधल्या या गटाने वरच्या अंगाच्या ताकदीवरचे ५३ अभ्यास एकत्र केले होते, यालाच मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. ४.४३ किलो हा वांग आणि सहकाऱ्यांच्या २०२४च्या कामातला, वरच्या अंगाच्या ताकदीचा. त्यात ५० वर्षांखालच्या प्रौढांवरचे २३ अभ्यास आणि मिळून ५०९ माणसं होती, सगळे वजनाचा व्यायाम करणारे.

इफेक्ट साइजला स्वतःचं एकक नसतं. दोन गटांतला फरक घ्यायचा आणि त्याला माणसामाणसांतल्या फैलावाने, म्हणजे स्टँडर्ड डिव्हिएशनने, भागायचं. व्यायाम करणाऱ्या तरुण मुलांचा एक गट घेतला तर कोणी बेंचवर ६० किलो उचलतो, कोणी १०५, आणि फैलाव साधारण २० किलोच्या आसपास येतो. म्हणजे ०.२६५ गुणिले २० बरोबर ५.३ किलो. आता ४.४३ शेजारी ठेवा. काही आठवड्यांच्या व्यायामात प्लॅसिबोपेक्षा, म्हणजे तशाच दिसणाऱ्या पण क्रिएटिन नसलेल्या पुडीपेक्षा, चार-पाच किलो जास्त, हे दोन्ही आकडे एका सुरात सांगतात.

‘लहान’ हा शब्दही या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा ही पट्टी जेकब कोहेन यांनी वर्तणूकशास्त्रासाठी, दुसरा काहीच आधार नसेल तेव्हा वापरायला म्हणून दिली होती. बारबेलसाठी ती बनलेली नाही. जिथे माणसामाणसांत ४० किलोचं अंतर असतं तिथे पाच किलोचा फरक भागाकारात लहानच दिसणार. तुमच्या जिममधल्या ज्या मुलाची बेंच तीन महिने ८० वर अडकली आहे, त्याला विचारा पाच किलो लहान की मोठे.

आता या शाखेतली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. फरकाला कशाने भागलं, हे बघितल्याशिवाय इफेक्ट साइजवर विश्वास ठेवायचा नाही. एक कल्पित अभ्यास घेऊन उघड करून दाखवते.

दहा जण क्रिएटिनवर, दहा जण प्लॅसिबोवर. दोन्ही गट सरासरी ८० किलोवर सुरू झाले, फैलाव २० किलो. आठ आठवड्यांनी क्रिएटिनवाले ९० वर, प्लॅसिबोवाले ८६ वर. वाढीतला फरक ४ किलो. याला सुरुवातीच्या २० ने भागलं तर इफेक्ट साइज ०.२. पण कोणी म्हणेल, आपल्याला वाढ मोजायची आहे, तर वाढीच्या फैलावाने भागूया. जो आधी बलवान होता तोच नंतरही बलवान राहतो, त्यामुळे प्रत्येकाची वाढ एकमेकांच्या बरीच जवळ असते आणि तिचा फैलाव पाच किलोच असू शकतो. चार भागिले पाच, ०.८. तीच माणसं, तेच वजन, आणि निकाल ‘लहान’वरून ‘मोठा’ झाला.

अडचण अशी की बरेच जुने शोधनिबंध आधीचे आणि नंतरचे आकडे देतात, वाढीचा फैलाव देतच नाहीत. मग मेटा-अ‍ॅनालिसिस करणाऱ्याला तो या सूत्राने काढावा लागतो:

```
SD_change = sqrt(SD_pre^2 + SD_post^2 - 2*r*SD_pre*SD_post)
```

यातला `r` म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांमधला सहसंबंध. तोही छापलेला नसतो, म्हणून गृहीत धरतात. आपल्या उदाहरणात दोन्ही वेळचा फैलाव २० धरा. `r` ०.५ घेतला तर वाढीचा फैलाव २० किलो येतो आणि इफेक्ट साइज ०.२. `r` ०.९ घेतला तर फैलाव ८.९ आणि इफेक्ट साइज ०.४५. ०.९७ घेतला तर फैलाव ४.९ आणि इफेक्ट साइज ०.८२. वन आरएमसारख्या, म्हणजे एकदाच उचलता येणारं सर्वाधिक वजन मोजणाऱ्या, चाचणीत हा सहसंबंध ०.९ च्या पुढे असणं अगदी स्वाभाविक आहे, पण सवयीने ०.५ टाकणारे खूप आहेत. म्हणून पद्धतीच्या भागात `r` कुठला घेतला आणि तो बदलून पाहिला का, हे आधी शोधा. ते लिहिलेलंच नसेल तर मी त्या निबंधातला इफेक्ट साइज बाजूला ठेवते आणि किलोतला फरक दिला आहे का बघते. किलोतला सरासरी फरक या भागाकारातून सुटतो. वांग यांचं काम मला ट्रेनरच्या हातात द्यायला सोयीचं वाटतं ते यामुळेच.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिची खूण मला पाठ आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका आढाव्यासाठी आकडे उतरवत होते. एका तक्त्यात बेंच प्रेस ‘८४ ± ६’ असं होतं. मी ६ हा फैलाव म्हणून नोंदवला. फॉरेस्ट प्लॉट, म्हणजे प्रत्येक अभ्यासाचा निकाल एकेका ओळीत दाखवणारा आलेख, काढल्यावर तो अभ्यास बाकीच्यांपासून दूर उजवीकडे जाऊन बसला. परत मूळ तक्त्याखालची बारीक ओळ वाचली, तर ± नंतरचा आकडा स्टँडर्ड एररचा होता. स्टँडर्ड एरर म्हणजे फैलाव भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. दहा माणसांच्या गटात तो फैलावाच्या साधारण एक तृतीयांश असतो, म्हणजे त्या जागी भरला की इफेक्ट साइज तिपटीहून मोठा होतो. आपल्या उदाहरणातलं ०.२ अशाने ०.६३ झालं असतं. किलोतल्या विश्लेषणातही ही चूक सुटत नाही. तिथे फरक ४ च राहतो, पण तो अभ्यास खोटाच फार अचूक दिसायला लागतो आणि सरासरीत त्याचं वजन दसपट होतं.

ही खूण जिममध्ये उभं राहणाऱ्याला संख्याशास्त्रज्ञाच्या आधी दिसते. महाविद्यालयीन मुलांच्या गटात बेंचचा फैलाव सहा किलो असूच शकत नाही, हे तुम्हाला रोजच्या अनुभवाने माहीत आहे. फॉरेस्ट प्लॉटमध्ये एखादा चौकोन १.५ किंवा २ वर एकटा दिसला की मूळ निबंध उघडा आणि ± म्हणजे काय ते तपासा. ही एखाद्याच्या हातून होणारी चूक नाही. २०२३मध्ये काडलेक आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगमधले सर्वाधिक उद्धृत होणारे २० मेटा-अ‍ॅनालिसिस तपासले, तेव्हा १७ मध्ये किमान एक सांख्यिकी चूक सापडली, आणि एररला फैलाव समजण्याची चूक जवळजवळ निम्म्यांत होती.

त्याच यादीतली आणखी एक चूक क्रिएटिनच्या बाबतीत फार फसवते: गटाच्या आत तुलना करणं. ‘क्रिएटिन गटाची ताकद २० टक्के वाढली’ हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे. रॉसन आणि वोलेक यांनी २००३मध्ये २२ अभ्यास पाहिले, तेव्हा क्रिएटिनसह व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी २० टक्के वाढली होती आणि प्लॅसिबोसह व्यायाम करणाऱ्यांची १२ टक्के. म्हणजे वीसातले बारा व्यायामाचे. पुडीच्या खात्यावर आठ. आणि ही सरासरी आहे. याच कामात बेंच प्रेसच्या वन आरएममधली वाढ अभ्यासागणिक ३ ते ४५ टक्के इतकी पसरली होती.

हा पसारा पाहून काही जण म्हणतात, ‘अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, मग भरवसा कशाचा?’ इथे अभ्यासांचा आकार लक्षात घ्यायला हवा. ५०९ माणसं भागिले २३ अभ्यास म्हणजे एका अभ्यासात सरासरी २२ जण, प्रत्येक गटात अकरा. आपल्या दहा-दहाच्या उदाहरणात, चाचण्या काटेकोर घेतल्या आणि वाढीचा फैलाव ४.९ असला, तरी ४ किलोच्या फरकाभोवतीची अनिश्चितता उणे ०.६ ते अधिक ८.६ किलो इतकी येते. क्रिएटिन खरोखर चार किलो देत असलं तरी असा एकटा अभ्यास ‘फरक आढळला नाही’ म्हणू शकतो. त्यामुळे ‘इतक्या अभ्यासांत फायदा, इतक्यांत नाही’ अशी मतमोजणी करणारा लेख दिसला तर तो तिथेच सोडा. असे २३ अभ्यास एकत्र केले की तीच अनिश्चितता सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक किलोच्या आत येते. मेटा-अ‍ॅनालिसिसची खरी कमाई एवढीच आहे, आणि ती कमी नाही.

पण लहान अभ्यास एकत्र केल्याने त्यांच्यातला समान दोष धुतला जात नाही, तो आणखी आत्मविश्वासाने छापला जातो. इथून दर्जाचा प्रश्न सुरू होतो. दर्जाच्या तक्त्यातले गुण मोजत बसू नका. पेड्रो या दर्जा मोजणाऱ्या पट्टीवर दहापैकी आठ मिळालेला अभ्यासही नेमक्या महत्त्वाच्या जागी कच्चा असू शकतो. क्रिएटिनपुरतं मी एका गोष्टीकडे सर्वात आधी बघते: सहभागींना आपण काय घेतोय ते कळलं होतं का.

पहिल्या पाच-सहा दिवसांत रोज २० ग्रॅमचा लोडिंग डोस दिला की पाणी धरल्यामुळे अनेकांचं वजन किलोभर वाढतं. काहींचं पोट बिघडतं. कोमट पाण्यातही क्रिएटिनचे कण तळाशी राहतात, प्लॅसिबोतलं माल्टोडेक्स्ट्रिन विरघळून जातं. जिममधला मुलगा रोज वजनकाट्यावर उभा राहतो, त्याला अंदाज येणारच. ज्याला वाटतं ‘मला खरी पुडी मिळाली’ तो शेवटच्या सेटमध्ये एक रेप जास्त ढकलतो, आणि वन आरएम ही चाचणीच अशी आहे की तिचा निकाल त्या क्षणीच्या जिद्दीवर हलतो. ‘डबल-ब्लाइंड’ हा शब्द जवळपास प्रत्येक निबंधात असतो. शेवटी सहभागींना ‘तुम्ही काय घेत होतात?’ असं विचारून उत्तरं छापणारे मात्र थोडे. ती छापली असतील आणि अंदाज नाणं उडवल्याइतकेच बरोबर असतील, तर त्या अभ्यासाला मी मनात वरची जागा देते.

त्यानंतर यादृच्छिक वाटप कसं केलं हे लिहिलंय का, सोडून गेलेल्यांचं काय केलं, आणि प्लॅसिबो गटाला बाकी सगळं तेच मिळालं का, एवढं बघते. यातला शेवटचा मुद्दा सहज निसटतो. क्रिएटिन अधिक व्हे विरुद्ध नुसती साखर, अशी तुलना काही संग्रहांत आत शिरलेली असते. तिथली वाढ क्रिएटिनची की प्रथिनांची, हे वेगळं करता येत नाही. अभ्यासांच्या तक्त्यात ‘पूरक’ नावाच्या रकान्यावरून बोट फिरवलं की पाच मिनिटांत कळतं. पूरक विकणाऱ्या कंपन्यांचा निधी कुठे आहे तेही शेवटच्या परिच्छेदात वाचा. त्यावरून निकाल खोटा ठरत नाही. पण न आवडलेला निकाल फाइलमध्ये राहिला असेल का, ही शंका रास्त ठरते.

त्या शंकेवर उत्तर म्हणून फनेल प्लॉट, म्हणजे अभ्यासाच्या आकारासमोर त्याचा निकाल मांडणारा आलेख, दाखवतात. क्रिएटिनमध्ये त्याचा उपयोग मर्यादित आहे. फनेल प्लॉट मोठ्या अभ्यासांशी लहानांची तुलना करून काम करतो. इथे शेकड्यांनी माणसं घेतलेले ताकदीचे अभ्यास जवळपास नाहीतच, म्हणजे उलट्या नरसाळ्याचा वरचा निमुळता भाग रिकामा आणि सगळे ठिपके तळाशी. ‘प्रकाशनातला पक्षपात आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ तिथे ‘आम्हाला दिसला नाही’ एवढाच घ्या. माझा अंदाज असा की खरा फरक छापलेल्या सरासरीपेक्षा थोडा कमी असेल, पण शून्य नसेल. इतक्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून, दोन दशकांहून अधिक काळ, आणि स्नायूतलं क्रिएटिन वाढतं हे बायोप्सीत थेट मोजून झालेलं असताना, तो शून्य असण्यासाठी फार योगायोग जुळावे लागतील.

आता महिलांचं वाक्य. वांग यांच्या कामात पुरुषांमध्ये वरच्या अंगाचा फरक ४.९५ किलो आणि खालच्या अंगाचा १३.४४ किलो होता. महिलांमध्ये १.५४ आणि ३.९६ किलो, आणि हे दोन्ही सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाले नाहीत. यावरून ‘मुलींना क्रिएटिनचा उपयोग नाही’ असं सांगणं चूक आहे.

‘सिद्ध झालं नाही’ म्हणजे ‘नाही हे सिद्ध झालं’ नव्हे. या अभ्यासांत महिला कमी आहेत, आणि माणसं कमी असली की अनिश्चितता रुंद होते. शिवाय एका गटात सिद्ध झालं आणि दुसऱ्यात नाही, यावरून दोन गटांत फरक आहे असं म्हणता येत नाही. त्यासाठी दोन्ही गटांची थेट तुलना बघावी लागते. ती केल्यावर वरच्या अंगासाठी पी, म्हणजे खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा, ०.०६७ आला, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या रेषेखाली गेला नाही. खालच्या अंगासाठी मात्र तो ०.००१ पेक्षा कमी होता.

दुसरं, इथे किलोचं माप आपल्याला फसवतं. मघाशी मी किलोची बाजू घेतली, पण स्त्री-पुरुष तुलनेत तेच माप अडचणीचं होतं. ३५ किलो बेंच करणाऱ्या मुलीसाठी १.५४ किलो म्हणजे ४.४ टक्के. ९० किलो करणाऱ्या मुलासाठी ४.९५ किलो म्हणजे ५.५ टक्के. तिप्पट दिसणारं अंतर बरंचसं मिटलं. पायांच्या बाबतीत ते पूर्ण मिटत नाही: १२० किलो लेग प्रेस करणाऱ्या मुलीला ३.९६ म्हणजे ३.३ टक्के, २२० करणाऱ्या मुलाला १३.४४ म्हणजे ६.१ टक्के. सुरुवातीची वजनं मी उदाहरणासाठी घेतली आहेत, तुमच्या जिममधली घालून बघा. तिथे खरा फरक असू शकतो. पण पुरुष आणि महिला वेगवेगळ्या अभ्यासांत होते, वेगळा कार्यक्रम, वेगळा डोस, वेगळा अनुभव. ते वाटप कोणी चिठ्ठ्या टाकून केलेलं नव्हतं. म्हणून उपगटांतला फरक लिंगामुळेच आला असं ठामपणे म्हणता येत नाही.

हीच मर्यादा तुमच्या शाकाहारी मुलांना लागू होते, आणि सांगली-कोल्हापूरकडे मटण खाणारे कितीही असले तरी शाकाहारीही तुमच्याकडे येतच असतील. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूंत क्रिएटिन सुरुवातीला कमी असतं आणि पुडी घेतल्यावर जास्त वाढतं, हे बर्क आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या प्रयोगात दिसलं. त्यावरून त्यांना ताकदीतही जास्त फायदा होईल, हा अंदाज योग्य आहे. पण ताकदीच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये ते तपासायला पुरेसे शाकाहारी नाहीत. तिथे मौन आहे, आणि मौनाला होकार समजू नका.

शेवटी तुमचा खरा प्रश्न: समोर उभ्या मुलाला काय सांगायचं. इथे मेटा-अ‍ॅनालिसिसची सर्वात मोठी मर्यादा येते. सरासरी ४.४३ किलो याचा अर्थ प्रत्येकाला ४.४३ किलो असा नाही. मोठ्या फैलावातून ‘काहींना लागू पडतं, काहींना नाही’ असंही निघत नाही, कारण प्लॅसिबो गटातही कोणाची बेंच दोन किलोने वाढते आणि कोणाची बाराने. कोणाला क्रिएटिनमुळे किती मिळालं हे कळायला त्याच माणसाला पुन्हा पुन्हा क्रिएटिन आणि प्लॅसिबो देऊन पाहावं लागेल. स्नायूतलं वाढलेलं क्रिएटिन उतरायला चार-सहा आठवडे लागतात, आणि मधल्या काळात व्यायामाने तो माणूसच बदललेला असतो. म्हणून असे प्रयोग जवळपास होत नाहीत.

मी माझ्याकडे येणाऱ्यांना असं सांगते: ‘आठ-बारा आठवडे व्यवस्थित व्यायाम केलास तर बेंच वाढेलच. रोज ३ ते ५ ग्रॅम साधं मोनोहायड्रेट घेतलंस तर त्यावर सरासरी आणखी काही किलो मिळतात, तुला थोडे कमी किंवा जास्त मिळतील. पुढच्या पाच वर्षांत त्याचं काय होईल हे या अभ्यासांतून कळत नाही, कारण त्यातले बहुतेक तीन महिन्यांच्या आत संपतात. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. आणि रक्ततपासणी करशील तेव्हा क्रिएटिन चालू आहे हे डॉक्टरांना सांग, कारण किडनी ठीक असूनही क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं.’

तुमच्या वहीत मात्र एक रकाना वाढवा. पुडी सुरू करण्यापूर्वी तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा वन आरएम घ्या. दोन वेळांत अडीच किलोचा फरक नुसत्या झोपेने आणि मूडने पडतो, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. मग आठ आठवड्यांनी तो ‘दहा किलो वाढले, सगळे क्रिएटिनचे’ म्हणत आला की त्याच वहीतलं पुडी न घेणाऱ्या त्याच्या मित्राचं पान उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.